अंगठ्याखालचा डाग

माझ्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या थोडं खाली, एक डाग होता. गोल, रुपयाएवढा, कडा कुणी बाटलीचं झाकण ठेवून आखल्यासारख्या. आता तो जवळपास गेला आहे. पण चार-एक वर्षं तो आमच्या घरातल्या एखाद्या माणसासारखा राहिला, आणि त्याच्याबद्दल प्रत्येकाचं काही ना काही मत होतं.

मी गोंडपिपरी तालुक्यातल्या एका गावात आशा म्हणून काम करते. माझ्याकडे आमचं गाव आणि जंगलाच्या बाजूचा एक पाडा आहे. नवरा तलावात मासे धरतो, पावसाळ्यात धान करतो. घरात सासू आणि पोरं. सासरे होते तेव्हा तेही मासेच धरायचे.

डाग पहिल्यांदा आला तेव्हा मला वाटलं भाजलं. भात उतरवताना वाफ लागली असेल. जागा लाल झाली, खाजली, मग आग आग झाली, दुसऱ्या दिवशी जांभळट झाली आणि मधोमध एक बारीक फोड आला. सासूने बघितलं आणि म्हणाली, "पाल मुतली तुह्या हातावर."

"पाल कुठी आली?"

"रात्री येते. तुले का दिसते?"

फोड सुकला, साल निघाली, आणि खाली राखेच्या रंगाचा काळपट डाग राहिला. मी खोबरेल तेल लावलं. पुढच्या महिन्यात डाग फिका होऊन तपकिरी झाला होता, तेवढ्यात एका सकाळी पुन्हा त्याच जागी खाज सुटली आणि दुपारपर्यंत तो पहिल्यापेक्षा काळा झाला. एक पाल पुन्हा पुन्हा त्याच जागेवर कशी येते, हे सासूलाही सांगता येईना. तिने पालीचा विषय सोडला.

तिसऱ्या की चौथ्या खेपेला माझ्या लक्षात आलं की डाग पेटतो तो पाळीच्या पहिल्या दिवशी. त्यापुढे मला विचार करायची गरजच वाटली नाही. धाकट्या मुलीच्या जन्मानंतर माझी पाळी फार दुखायची. पहिल्या दिवशी पोटात असे पिळे पडायचे की भिंतीला धरून उभं राहावं लागे. अंगातली उष्णता त्या दिवशी कुठून तरी बाहेर पडत असणार, आणि माझी हातातून पडते, असं मी धरून चालले. गावातल्या बायकांना सांगितलं तर त्यांनाही ते पटलं. एकीने तिच्या बहिणीची पाळी नाकातून पडते असंही सांगितलं.

अडचण दुसरीच होती. आमच्या घरी पाळीच्या दिवसांत देवाच्या कोपऱ्याकडे जायचं नाही आणि पाण्याच्या माठाला हात लावायचा नाही, एवढं सासू पाळते. आधी मी तिला हळूच सांगायची. आता ती माझं ऐकायच्या आधी माझा हात बघायची. डाग काळा असला की माठ उचलून आपल्या खाटेजवळ ठेवायची. मग नवरा हात बघायला लागला. तो गुपचूप बोअरिंगवरून पाणी आणून बाहेरची बादली भरून ठेवायचा. मग शेजारीण बघायला लागली. पाण्याच्या टाकीपाशी ती माझ्या हाताकडे नजर टाकून म्हणायची, "झाली का?" माझी पाळी अर्ध्या गावाला कळत होती. मी पदर मनगटापर्यंत ओढून घ्यायला लागले, तर लोक म्हणाले की आशाबाईला आजकाल फार लाज येऊन राह्यली.

एकदा उन्हाळ्यात मी माहेरी गेले, मुलचेऱ्याकडे. तिथे पाळी आली आणि डाग पेटला नाही. तिथे माझ्याजवळ पोटदुखीच्या गोळ्या नव्हत्या. आईने ओवा दिला आणि वीट गरम करून कापडात गुंडाळून पोटावर धरली. दोन दिवस मी कण्हत पडून राहिले, पण हात स्वच्छ. आईने निकाल लावला की तुमच्या गावचं पाणी खराब आहे. मी परत येऊन हे भोळेपणाने सासूला सांगितलं.

"आमच्या पाण्यानं तुह्या नवऱ्याले काऊन नाई झालं मंग?" ती म्हणाली. 

नवऱ्याने मात्र ते मनावर घेतलं. पुढच्या महिन्यात तो सायकलला डबे बांधून शेजारच्या गावच्या बोअरिंगचं पाणी आणत होता. मी ते पाणी प्यायले. त्याच पाण्याबरोबर पोटदुखीची गोळी घेतली. संध्याकाळी डाग हजर. नवरा डबे उतरवून म्हणाला, "पाणी नोहे मंग," आणि सायकल पुसायला लागला.

त्याच वर्षी हिवाळ्यात आमच्याकडे कुष्ठरोगाची शोधमोहीम निघाली. आमच्या जिल्ह्यात हे काम नवीन नाही. आशा आणि एक पुरुष कार्यकर्ता असे जोडीने घरोघर जातात. पुरुष पुरुषांना बघतो, बाई बायकांना. अंगावर कुठे फिकट किंवा लालसर चट्टा आहे का विचारायचं, असला तर डोळे मिटायला सांगून त्यावर कापसाचा धागा फिरवायचा. कळलं नाही तर आरोग्य केंद्रात पाठवायचं. हे मी चांगलं करते. शांतपणे, दार लावून, कुणाला लाज वाटू न देता.

पाड्यावर एका म्हातारीच्या घरी गेले. ती अंगणात मोहाची फुलं वेचायच्या टोपल्या दुरुस्त करत बसली होती. तिची सून गोंडीत तिला सांगत होती की बाई अंग बघायला आली आहे. म्हातारीने माझ्याकडे बघितलं, मग माझ्या हाताकडे. नेमका पाळीचा दुसरा दिवस होता.

"आधी तुयं सांग," ती मराठीत म्हणाली. "हे काय हाय?"

"हे तसलं नाही आजी. हे खाजते. तसला डाग खाजत नाही, त्याला कळतही नाही."

"मंग दाखव."

तिने माझ्या हातातला कापूस घेतला. मला डोळे मिटायला लावले. सून, शेजारच्या दोन बायका आणि माझा जोडीदार कार्यकर्ता उभे होते. म्हातारी माझ्या डागावरून कापूस फिरवत होती आणि मी "कळलं, कळलं" म्हणत होते. एकदा तिने कापूस मुद्दाम लावलाच नाही आणि मी काही बोलले नाही, तेव्हा तिचं समाधान झालं. मग ती आत गेली आणि पाठ दाखवली. तिला गजकर्ण होतं.

एवढं होऊनही गावात जे पसरलं ते असं की कुष्ठरोग शोधणाऱ्या बाईलाच कुष्ठरोग आहे. एका घरी मला खुर्ची दिली आणि मी उठल्यावर ती पाण्याने धुतली. मी रस्त्यावरून बघितलं. बरोबरच्या कार्यकर्त्यानेही बघितलं. तो म्हणाला, "खुर्ची खराबच होती ती."

आमच्या आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांनी मला बोलावून नीट तपासलं. कोपराजवळच्या आणि कानाखालच्या नसा चाचपल्या, डागावर टोचून बघितलं. "हा कुष्ठ नाही," ते म्हणाले. हे ते सगळ्यांसमोर, बाहेरच्या बाकांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, त्यासाठी मी त्यांची आभारी आहे. मग त्यांनी गजकर्णाचं मलम दिलं. मी रोज दोनदा लावलं. डाग फिका होत गेला. तो दर महिन्याला असाच फिका व्हायचा, पण आता मलम होतं म्हणून मी मलमाला मान दिला. पुढची पाळी आली आणि डागही आला. डॉक्टर म्हणाले, चंद्रपूरला चामडीच्या डॉक्टरला एकदा दाखवा. मी हो म्हटलं. चंद्रपूरला जायचं म्हणजे एक दिवस मोडतो. हाताच्या डागासाठी कोण दिवस मोडतो?

मग माझी दाढ दुखायला लागली.

पाळी होऊन दहा-बारा दिवस झाले असतील. गाल सुजला, रात्रभर झोप नाही. सकाळी नवरा स्टँडजवळच्या मेडिकलमधून गोळी घेऊन आला. मी चहाबरोबर घेतली आणि दाढ जरा शांत झाली. भाजी चिरत असताना हात खाजायला लागला. मी खाजवत राहिले. जेवणं होईपर्यंत डाग लाल, गरम, आणि दुपारनंतर जांभळा.

सासूने माठ उचलला.

"आई, मले पाळी नाही आली," मी म्हणाले.

तिने हाताकडे बोट केलं.

"मी सांगून राह्यली न, नाही आली म्हणून."

"हात का खोटा बोलते?"

हा वाद दोन दिवस चालला. माझ्या शब्दापेक्षा माझ्या हाताचा शब्द मोठा होता. नवऱ्याने एकदा मध्ये पडायचा प्रयत्न केला, पण दोघींनी त्याच्याकडे बघितल्यावर तो तलावाकडे निघून गेला. तिसऱ्या दिवशी सासू माझ्याजवळ येऊन बसली. तिचा आवाज बदलला होता.

"महिन्यात दोनदा पाळी येऊन राह्यली तं सांग मले. लपवू नको. माह्या बहिणीले असंच झालं होतं. तिनं लपवलं. पिशवीचा रोग निघाला."

 ती इतके दिवस माठासाठी भांडते आहे असं मला वाटत होतं. ती घाबरली होती. मी पुन्हा सांगितलं की काही नाही, तिने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने ती मला चंद्रपूरला घेऊन गेली. डबा तिने बांधला, तिकिटं तिने काढली, आणि पूर्ण रस्ता माझा हात आपल्या मांडीवर धरून बसली, डाग वर करून.

मोठ्या दवाखान्यात तिने मला बायकांच्या विभागात रांगेत उभं केलं. नंबर आला. डॉक्टरबाईंनी विचारलं, "काय त्रास आहे?"

"हात," मी म्हणाले.

"हात?"

"दोनदा पाळी येते हिले," सासू म्हणाली.

"येत नाही," मी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी आम्हा दोघींकडे बघितलं. तरी त्यांनी सगळं विचारलं आणि तपासलंही. पिशवी ठीक आहे म्हणाल्या. सासूने ते दोनदा वदवून घेतलं. मग त्या म्हणाल्या, "हाताचं वर विचारा, चामडीच्या विभागात."

वर एक तरुण डॉक्टर होती. तिने माझा हात खिडकीकडे धरला, बराच वेळ बघितला, अंगठ्याने दाबला. दुसरीकडे कुठे आहे का, ओठांवर, तोंडात, आणखी कुठे, ते विचारलं. नव्हतं.

"हा आधीही इथेच यायचा? अगदी इथेच?"

"अगदी तिथेच."

"कोणती औषधं घेता?"

"कोणतीच नाही," मी म्हणाले. मी खरं सांगत होते. दुसऱ्यांना गोळ्या वाटते, मी स्वतः कुठलं औषध घेत नाही, असं मी नेहमीच सांगत आले होते.

"घेते न," सासू मागून म्हणाली. "पोटाची घेते. लाल अक्षराची."

"ती तर पोटदुखीची," मी म्हणाले.

डॉक्टरने पेन खाली ठेवला. "दर महिन्याला?"

"पहिल्या दिवशी. सकाळ-संध्याकाळ."

"आणि या वेळी पाळी नसताना आला म्हणता. या वेळी काय घेतलं?"

"दाढेची गोळी."

ती गोळी माझ्या पिशवीतच होती, कारण दाढ अजून पूर्ण थांबली नव्हती. डॉक्टरने पट्टी उलटी केली, मागची बारीक अक्षरं वाचली. मग विचारलं, पोटाची जी घेता ती हीच का. मी बघितलं. तीच होती. मेडिकलवाला दुखण्यासाठी जी देतो तीच त्याने दाढेला दिली होती. माझ्या घरात ती पोटाची गोळी होती, म्हणून दाढेला ती वेगळीच वाटली.

"तुम्हाला ही गोळी सोसत नाही," डॉक्टर म्हणाली. "मेफेनॅमिक ॲसिड म्हणतात हिला. पाळीचा आणि डागाचा काही संबंध नाही. गोळीचा आहे."

मग माझ्या डोक्यात माहेरचा उन्हाळा आला, गरम वीट आणि स्वच्छ हात. मी ते सांगितलं. डॉक्टर म्हणाली, बरोबर.

सासूला मात्र हे पटत नव्हतं. "गोळी जाते पोटात," ती म्हणाली. "दुखते पोट, नाई तं दाढ. डाग हातावरच काऊन येते? अन् तो बी एवढ्याच जागेवर?"

मला तो प्रश्न पडायला हवा होता, पडला नव्हता. डॉक्टरला तो आवडलेला दिसला. ती म्हणाली, "अंगात कुणी परकं आलं की लढणाऱ्या पेशी असतात ना आजी, त्यातल्या काही पहिल्या वेळी या जागेच्या कातडीत आल्या आणि तिथेच राहिल्या. परत गेल्याच नाहीत. गोळी रक्तातून सगळीकडे फिरते, पण ओळखणारे इथे बसलेत. गोळी आली की ते उठतात आणि इथलीच कातडी जाळतात. पहिल्यांदा इथेच का बसले, ते मलाही सांगता येणार नाही."

"सरकारी माणसासारखे," सासू म्हणाली. "बदली झाली तरी हालत नाई."

डॉक्टर हसली नाही, पण थोडा वेळ काही लिहिलंही नाही. मग तिने मला दोन गोष्टी बजावून सांगितल्या. ही गोळी पुन्हा कधी घ्यायची नाही. प्रत्येक वेळी डाग जास्त काळा होतो आणि नव्या जागी, ओठावर, तोंडातही येऊ शकतो. आणि खात्री करायला म्हणून घरी घेऊन बघायची नाही. "लोक बघतात," ती म्हणाली. "तुम्ही बघू नका." तापाची साधी गोळी मी आधी घेतली होती, तिने कधी काही झालं नव्हतं, म्हणून दुखल्यास ती घ्यायला सांगितली. डागावर थोडे दिवस लावायला मलम दिलं. काळेपणा जायला महिने लागतील म्हणाली.

परतीच्या गाडीत सासूने पुन्हा माझा हात मांडीवर घेतला. मग म्हणाली, "मंग माह्या बहिणीसारखं नाई न?"

"नाही."

तिने डबा उघडला. सकाळपासून तिने काही खाल्लं नव्हतं, हे मला तेव्हा कळलं.

गोष्ट इथे संपायला हवी होती. पण पुढच्या पाळीत पहिल्या दिवशी तापाची गोळी पुरेना. मी नवऱ्याला सांगितलं, मेडिकलमध्ये जा, ती नेहमीची नको म्हणावं, दुसरी द्या. नवरा सांगितलेलं काम शब्दाला शब्द करतो. त्याने जाऊन सांगितलं, "ती नको, दुसरी द्या." दुकानदाराने दुसरी दिली. पट्टीचा रंग वेगळा, नाव वेगळं, निळी अक्षरं. मी निर्धास्तपणे घेतली. तासाभरात हात पेटला, आणि संध्याकाळी आरशात बघते तर खालच्या ओठाच्या कोपऱ्यात एक नवा डाग, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. डॉक्टरने सांगितलं होतं तसंच.

दुसऱ्या दिवशी मी आणि नवरा दुकानात गेलो. दुकानदार वयस्क माणूस आहे, माझ्याशी नेहमी चांगला वागतो. मी पट्टी काउंटरवर ठेवली. त्याने चष्मा लावला, पट्टी नाकाजवळ नेली, मग दूर नेली.

"नाव तर वेगळं हाय बाई."

"वरचं वेगळं आहे. खालचं वाचा."

त्याने खालचं वाचलं. मग कपाटातून नेहमीची लाल अक्षराची काढली, तीही वाचली. मग न सांगता एकेक पट्टी काढत गेला. पाळीची, पोटात मुरडा मारण्याची, अंगावरून जास्त जाण्याची, लेकरांच्या तापाचं एक औषधसुद्धा. कशात ते एकटं होतं, कशात दुसऱ्या औषधाबरोबर. काउंटर भरलं. मागे एक माणूस खोकल्याच्या औषधासाठी ताटकळत होता, तोही वाकून बघायला लागला.

"एवढ्यात हाय हे," दुकानदार म्हणाला. तो मला सांगत नव्हता, स्वतःलाच सांगत होता. मग माझ्याकडे बघून म्हणाला, "मी तं दुखण्याची म्हटली की हेच देतो."

"मला देऊ नका."

"नाई देत." त्याने थोडा विचार केला. "दुसऱ्याले विचारीन आधी."

नवरा तोवर उभाच होता. बाहेर आल्यावर म्हणाला, "मी तं दुसरीच मागितली होती." मी म्हटलं, हो, तुमची चूक नाही. त्याला ते पुन्हा ऐकायचं होतं, म्हणून घरी जाईपर्यंत मी आणखी एकदा म्हटलं.

त्यानंतर ती गोळी मी घेतलेली नाही, कुठल्याच नावाने. ओठावरचा डाग लवकर गेला. हातावरचा हळूहळू गेला. काळा, मग राखेचा, मग चहाच्या डागासारखा. पाड्यावरच्या म्हातारीने एकदा धरून बघितला आणि सोडून दिला. खुर्ची धुणाऱ्या घरी मी अजून जाते, त्यांच्या सुनेचं पहिलं बाळंतपण आहे. सासू आता मला पाळीचं तोंडाने विचारते, आणि मी कधी सांगते, कधी सांगत नाही. तिला ते माहीत आहे असं मला वाटतं.

दाढ शेवटी काढलीच. दातांच्या डॉक्टरने सुई टोचण्याआधी विचारलं, कुठल्या औषधाची ॲलर्जी? मी मेफेनॅमिक ॲसिड म्हणाले. तोंड उघडं ठेवूनच म्हणाले, त्यामुळे त्यांना काही कळलं नाही. मी तोंड मिटलं आणि पुन्हा नीट म्हणाले.

दुखणं राहिलंच. पहिल्या दिवशी सकाळी मी आता गावात घरोघर फिरायला जात नाही. आरोग्य केंद्रातल्या आमच्या सिस्टरला तसं सांगून ठेवलं आहे, ती बरं म्हणाली. नवरा चूल पेटवून पाणी तापवतो आणि रबरी पिशवीत भरून आणून देतो. झाकण तो नेहमी इतकं आवळून बसवतो की नंतर ते दोघांनी मिळून उघडावं लागतं. मी पोटावर पिशवी धरून खाटेवर पडते. सासू बाजूला बसून मासे साफ करते, तलावाचं यंदा काय झालं ते सांगते, आणि दुपारी भात झाला की हाक मारते.